प्रथिनांच्या गुणवत्तेची मापने : जैविक मूल्य व प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तर

जैविक मूल्य आणि प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तर ही आहारातील प्रथिनांची गुणवत्ता सांगणारी दोन जुनी मापने असून गृहविज्ञान, आहारशास्त्र, अन्नतंत्रज्ञान तसेच वैद्यकातील प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक या विषयांच्या परीक्षांत त्यांवर नेहमी प्रश्न विचारले जातात. शोषल्या गेलेल्या नत्रापैकी किती नत्र शरीरात टिकून राहिले, हे जैविक मूल्य सांगते. खाल्लेल्या प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे वाढत्या प्राण्याचे वजन किती ग्रॅमने वाढले, हे प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तर सांगते. इंग्रजी संज्ञांच्या आद्याक्षरांवरून पहिल्यास 'बीव्ही' व दुसऱ्यास 'पीईआर' म्हणण्याचा प्रघात आहे. या दोहोंच्या जोडीला निव्वळ प्रथिन उपयोगिता अर्थात 'एनपीयू' हे तिसरे माप येते. परीक्षेतील बहुतेक गोंधळ या तिसऱ्या मापाची जैविक मूल्याशी गल्लत केल्याने होतात.

## मोजावयाचे ते काय

दोन पदार्थांत प्रथिनाचे प्रमाण सारखे असले तरी शरीराला त्यांपासून होणारा लाभ सारखा नसतो. त्याची कारणे दोन. पहिले पचनाचे : प्रथिनाचा काही भाग न पचता विष्ठेवाटे निघून जातो. दुसरे रचनेचे : जो भाग पचून अमिनो आम्लांच्या रूपाने रक्तात आला, त्यातील अमिनो आम्लांचे परस्परप्रमाण शरीराच्या गरजेशी जुळावे लागते. एखादे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडले, तर शरीराचे प्रथिन त्या मर्यादेपर्यंतच बांधले जाते. उरलेली अमिनो आम्ले साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. ती इंधन म्हणून जाळली जातात आणि त्यांतील नत्र यूरियाच्या रूपाने मूत्रातून बाहेर पडते. अशा कमी पडणाऱ्या अमिनो आम्लास मर्यादक अमिनो आम्ल म्हणतात. गहू, तांदूळ, ज्वारी या धान्यांत ते लायसिन असते, तर डाळींत सामान्यतः मेथिओनिनसारखी गंधकयुक्त अमिनो आम्ले मर्यादक ठरतात.

म्हणजे प्रथिनाची हानी दोन दारांनी होते. विष्ठेतील हानी पचनाची आणि मूत्रातील हानी रचनेची. कोणते माप कोणत्या दाराशी उभे राहून मोजते, हे ध्यानात ठेवले की सूत्रे पाठ करण्याची गरज बरीच कमी होते. पचनीयता फक्त पहिल्या दाराचा हिशेब ठेवते आणि जैविक मूल्य फक्त दुसऱ्याचा. निव्वळ प्रथिन उपयोगितेत दोन्ही हिशेब एकत्र येतात. प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तर मात्र दारांकडे न पाहता सरळ तराजूकडे जाते.

## जैविक मूल्य

जर्मनीतील कार्ल थॉमस यांनी १९०९ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील एच. एच. मिशेल यांनी १९२४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांसाठी तिला पद्धतशीर रूप दिले. त्यामुळे काही पुस्तकांत या पद्धतीचा उल्लेख थॉमस–मिशेल पद्धत असा आढळतो.

प्रयोगात उंदराला ठरावीक दिवस तपासणीचे प्रथिन असलेला आहार देतात. त्याला जाळीच्या तळाच्या अशा पिंजऱ्यात ठेवतात, की मूत्र व विष्ठा वेगवेगळी गोळा व्हावी. आहार, विष्ठा आणि मूत्र या तिन्हींतील नत्र केल्डाल पद्धतीने मोजतात. प्रथिनात सरासरी १६ टक्के नत्र असते असे धरून नत्राला ६.२५ ने गुणले की प्रथिन मिळते आणि प्रथिनाला ६.२५ ने भागले की नत्र.

येथे एक अडचण उभी राहते. प्रथिन अजिबात न खाणाऱ्या उंदराच्याही विष्ठेत नत्र असते. ते आतड्याच्या झडलेल्या पेशी, पाचकरस व जिवाणू यांपासून आलेले असते. त्याच्या मूत्रातही शरीराच्या स्वतःच्या झिजेचे नत्र असते. हे नत्र अन्नातले नव्हे, म्हणून त्याचा दोष तपासणीच्या प्रथिनावर येता कामा नये. यासाठी प्रथिनविरहित आहारावरील उंदरांच्या विष्ठेतील व मूत्रातील नत्र वेगळे मोजून ते वजा करतात. सूत्र असे :

```
BV = [I − (F − Fk) − (U − Uk)] / [I − (F − Fk)] × 100
```

येथे I म्हणजे आहारातून घेतलेले नत्र, F व U म्हणजे अनुक्रमे विष्ठेतील व मूत्रातील नत्र, तर Fk व Uk म्हणजे प्रथिनविरहित आहारावर विष्ठेत व मूत्रात आढळणारे नत्र. छेदातील राशी ही शोषलेले नत्र होय. तीच अंशातही आहे, मात्र तेथे तिच्यातून मूत्रातील हानी वजा झालेली आहे. अंश हा छेदाचाच उरलेला भाग असल्यामुळे या व्याख्येनुसार जैविक मूल्य १०० च्या वर जाऊ शकत नाही.

बाजारातील काही प्रथिनभुकट्यांच्या जाहिरातींत आणि त्यांच्या आधारे केलेल्या टिपणांत व्हे प्रथिनाचे जैविक मूल्य १०४ असे छापलेले आढळते. तो आकडा वरील सूत्राचा नव्हे. अंड्याच्या प्रथिनाला १०० मानून इतरांची त्याच्याशी तुलना केली, की असा आकडा मिळू शकतो. ती सापेक्ष मोजपट्टी आहे, टक्केवारी नव्हे. '१०४ टक्के नत्र शरीरात टिकले' असे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिणे म्हणजे शोषल्यापेक्षा अधिक टिकले असे म्हणणे होय.

## एक सोडवलेले उदाहरण

परीक्षेत येतो तसा प्रश्न घेऊ. एका उंदराने पाच दिवसांत १० टक्के प्रथिन असलेला ५० ग्रॅम आहार खाल्ला. त्याच्या विष्ठेत १९० मिलिग्रॅम व मूत्रात २९० मिलिग्रॅम नत्र आढळले. प्रथिनविरहित आहारावर तेवढ्याच काळात विष्ठेत ७० मिलिग्रॅम व मूत्रात ८० मिलिग्रॅम नत्र आढळले होते. पचनीयता, जैविक मूल्य व निव्वळ प्रथिन उपयोगिता काढा. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत.)

पहिली पायरी एककाची आहे, आणि अनेकांची गाडी येथेच रुळावरून घसरते. आहारातील राशी प्रथिनाची दिलेली आहे, तर विष्ठा व मूत्र यांच्या राशी नत्राच्या. ५० ग्रॅम आहारात ५ ग्रॅम प्रथिन. त्याला ६.२५ ने भागल्यास ०.८ ग्रॅम, म्हणजे ८०० मिलिग्रॅम नत्र. हे रूपांतर विसरून ५,००० मधून १९० वजा करणाऱ्याचे उत्तर शंभराच्या अगदी जवळ येते. एखाद्या साध्या वनस्पतिज प्रथिनाची पचनीयता ९७–९८ टक्के व जैविक मूल्यही ९५ च्या पुढे निघाले, तर प्रथम या पायरीवर संशय घ्यावा.

विष्ठेतील १९० पैकी ७० शरीराचे स्वतःचे, म्हणून अन्नातून न शोषलेले नत्र १२० मिलिग्रॅम. शोषलेले नत्र ८०० वजा १२०, म्हणजे ६८० मिलिग्रॅम. खरी पचनीयता ६८० भागिले ८००, म्हणजे ८५ टक्के.

मूत्रातील २९० पैकी ८० शरीराच्या झिजेचे, म्हणून तपासणीच्या प्रथिनामुळे मूत्रात गेलेले नत्र २१० मिलिग्रॅम. शरीरात टिकलेले नत्र ६८० वजा २१०, म्हणजे ४७० मिलिग्रॅम. जैविक मूल्य ४७० भागिले ६८०, म्हणजे सुमारे ६९.१.

निव्वळ प्रथिन उपयोगितेत अंश तोच राहतो, फक्त छेदात शोषलेल्या नत्राऐवजी खाल्लेले नत्र येते. ४७० भागिले ८००, म्हणजे सुमारे ५८.८. पडताळा सोपा आहे : जैविक मूल्य ६९.१ ला पचनीयता ०.८५ ने गुणले की ५८.७ मिळतात. दशांशातील फरक पूर्णांकनाचा आहे. पचनीयता १०० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, म्हणून एकाच प्रयोगात निव्वळ प्रथिन उपयोगिता जैविक मूल्यापेक्षा मोठी येणे शक्य नाही.

आता याच उंदराचा हिशेब प्रथिनविरहित आहाराची दुरुस्ती न करता मांडून पाहू. शोषलेले नत्र ८०० वजा १९०, म्हणजे ६१०. टिकलेले ६१० वजा २९०, म्हणजे ३२०. जैविक मूल्य ३२० भागिले ६१०, म्हणजे सुमारे ५२.५. उंदीर तोच, आहार तोच आणि मोजमापेही तीच. तरीही एका रीतीने ६९ व दुसऱ्या रीतीने ५२. दुसऱ्या आकड्याला आभासी जैविक मूल्य म्हणतात. तेही चुकीचे नाही, परंतु त्याची तुलना दुसऱ्या पदार्थाच्या खऱ्या जैविक मूल्याशी करता येत नाही. प्रश्नात प्रथिनविरहित आहाराचे आकडे दिलेले असतील, तर खरे मूल्य अपेक्षित आहे असे समजावे. दिलेले नसतील, तर आभासी मूल्य काढून उत्तरात तो शब्द लिहावा.

प्रयोगशाळेतही चुका याच राशींत शिरतात. मूत्राच्या बाटलीत आम्ल घातले नाही, तर नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपाने उडून जातो. त्यामुळे मूत्रातील हानी कमी दिसते आणि जैविक मूल्य फुगते. सांडलेले अन्न विष्ठेत मिसळले, तर विष्ठेतील नत्र वाढते आणि पचनीयता विनाकारण घसरते. परीक्षेत 'अमुक चूक झाल्यास उत्तर कोणत्या दिशेने बदलेल' असा प्रश्न आल्यास सूत्रातील कोणती राशी हलली, एवढेच पाहावे.

## प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तर

अमेरिकेतील थॉमस ऑस्बॉर्न व लाफायेट मेंडेल यांनी एड्ना फेरी यांच्यासह १९१९ मध्ये हे माप मांडले. येथे नत्राचे विश्लेषण करावे लागत नाही. वजनकाटा, खाल्लेल्या आहाराची नोंद आणि आहारातील प्रथिनाचे प्रमाण एवढे पुरते. या सोपेपणामुळेच ते अनेक वर्षे अन्नउद्योगात व सरकारी नियमांत प्रचलित राहिले.

प्रमाणित पद्धतीत आईचे दूध नुकतेच सुटलेले, सुमारे तीन आठवड्यांचे नर उंदीर घेतात. त्यांना १० टक्के प्रथिन असलेला आहार २८ दिवस देतात. वजनातील वाढीला खाल्लेल्या प्रथिनाने भागतात. त्याच वेळी दुसऱ्या गटाला दुधातील केसीन हे प्रथिन असलेला आहार देतात. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतील उंदरांची जात व वाढ वेगवेगळी असते, म्हणून केसीनचे गुणोत्तर २.५ मानून तपासणीच्या प्रथिनाचे उत्तर त्या प्रमाणात बदलून घेतात.

समजा, एका धान्याच्या प्रथिनावरील उंदरांनी २८ दिवसांत सरासरी ३०० ग्रॅम आहार खाल्ला व त्यांचे वजन ५४ ग्रॅमने वाढले. खाल्लेले प्रथिन ३० ग्रॅम, म्हणून गुणोत्तर १.८. केसीनवरील उंदरांनी ३४० ग्रॅम आहार खाल्ला व त्यांचे वजन १०२ ग्रॅमने वाढले. खाल्लेले केसीन ३४ ग्रॅम, म्हणून गुणोत्तर ३.०. दुरुस्त गुणोत्तर १.८ गुणिले २.५ भागिले ३.०, म्हणजे १.५. येथे दोन गोष्टींवर गुण जातात. भागाकार खाल्लेल्या प्रथिनाने करावयाचा असतो, खाल्लेल्या आहाराने नव्हे. शिवाय हे गुणोत्तर ग्रॅमला ग्रॅमने भागून आलेले असल्यामुळे त्यापुढे टक्क्याचे चिन्ह येत नाही.

या मापाचा खरा दोष गणिताहून खोल आहे. उंदीर जे प्रथिन खातो त्याचा काही भाग शरीराची रोजची झीज भरून काढण्यात खर्च होतो, आणि उरलेल्यातून वाढ होते. गुणोत्तरात श्रेय फक्त वाढीला मिळते. एखाद्या प्रथिनावर दहा दिवसांत उंदराचे वजन वाढलेही नाही व घटलेही नाही, तर गुणोत्तर शून्य येते. परंतु त्याच दहा दिवसांत प्रथिनविरहित आहारावरील उंदराचे वजन १२ ग्रॅमने घटले असेल, तर त्या प्रथिनाने १२ ग्रॅमची घट रोखली, हे काम शून्य म्हणता येणार नाही. बेंडर व डोएल यांनी १९५७ मध्ये सुचविलेले निव्वळ प्रथिन गुणोत्तर ही उणीव भरून काढते. त्यात वजनवाढीत प्रथिनविरहित गटाची घट मिळवून मग प्रथिनाने भागतात. वरील उंदराने ८ ग्रॅम प्रथिन खाल्ले असेल, तर उत्तर शून्य अधिक १२ भागिले ८, म्हणजे १.५.

याच कारणाने प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तराचे आकडे समप्रमाणात वाचता येत नाहीत. ३ गुणोत्तराचे प्रथिन १.५ गुणोत्तराच्या प्रथिनाच्या दुप्पट चांगले, असे विधान चूक ठरते. दर्जाचा क्रम लावण्यापुरते हे माप ठीक आहे. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जवळजवळ नसतेच. केवळ त्यावर ठेवलेल्या उंदरांचे वजन घटते आणि गुणोत्तर ऋण येते. 'गुणोत्तर ऋण असू शकते का' या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे.

आणखी एक मर्यादा प्राण्याची आहे. उंदराच्या अंगावर दाट केस असतात आणि केसांतील प्रथिनात गंधकयुक्त अमिनो आम्लांचा भरणा असतो. त्यामुळे त्यांची उंदराची गरज माणसाच्या गरजेहून जास्त असते. ज्या प्रथिनांत ही आम्ले कमी आहेत, उदाहरणार्थ सोयाबीन व इतर कडधान्ये, त्यांना उंदरांवरील परीक्षेत माणसाच्या दृष्टीने वाजवीपेक्षा कमी गुण मिळतात. डाळ हा प्रथिनाचा मुख्य आधार असलेल्या समाजात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

## तक्त्यातील आकडे कसे वाचावेत

पाठ्यपुस्तकांत छापला जाणारा तक्ता बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलनावरून आलेला असतो. त्यातील काही आकडे पूर्णांकात असे :

| पदार्थ | जैविक मूल्य | निव्वळ प्रथिन उपयोगिता | प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तर |
|---|---|---|---|
| अंडे | ९४ | ९४ | ३.९ |
| गाईचे दूध | ८५ | ८२ | ३.१ |
| मासे | ७६ | ८० | ३.६ |
| सोयाबीन | ७३ | ६१ | २.३ |
| तांदूळ (सडलेला) | ६४ | ५७ | २.२ |
| गहू (अख्खा) | ६५ | ४० | १.५ |

हा तक्ता पाठ करण्याआधी त्याकडे जरा नीट पाहावे. माशाचे जैविक मूल्य ७६ आणि निव्वळ प्रथिन उपयोगिता ८०. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले तर माशाची पचनीयता १०५ टक्के निघते, जी असंभव आहे. गव्हासाठी हाच भागाकार केला तर पचनीयता ६२ टक्के येते. प्रत्यक्षात गव्हाच्या प्रथिनाची मोजलेली पचनीयता त्याहून पुष्कळ जास्त असते.

यात छपाईची चूक नाही. एका ओळीतील तीन आकडे एकाच प्रयोगातले नाहीत. ते निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या, निरनिराळ्या नमुन्यांवरील व निरनिराळ्या संख्येच्या प्रयोगांच्या सरासऱ्या आहेत. म्हणून अशा तक्त्यातील दोन रकान्यांवरून तिसरा काढू नये. परीक्षकाने एकाच प्रयोगाचे आकडे दिले असतील, तेव्हाच गुणाकाराचा नियम लावावा.

क्रमही मापागणिक बदलतो. जैविक मूल्याने दूध माशापेक्षा वरचढ आहे, तर प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तराने मासे दुधापेक्षा. 'कोणते प्रथिन सर्वोत्तम' अशा बहुपर्यायी प्रश्नात अंडे सोडल्यास उत्तर प्रश्नातील मापावर अवलंबून असते, म्हणून मापाचे नाव वाचल्याशिवाय पर्यायावर खूण करू नये.

जैविक मूल्य हा पदार्थाचा ठाम गुणधर्मही नव्हे. आहारात प्रथिन जास्त असेल, तर गरजेपेक्षा अधिक आलेली अमिनो आम्ले जाळली जातात आणि उत्तम प्रथिनाचेही जैविक मूल्य घसरते. आहारात ऊर्जा कमी असेल तरी तेच होते, कारण उपाशी शरीर प्रथिनाचेच सरपण करते. १० टक्के प्रथिन व पुरेशी ऊर्जा या अटी पाळूनच वेगवेगळ्या पदार्थांचे आकडे तुलनेस योग्य ठरतात.

## गरजेच्या हिशेबातील उपयोग

ही मापे शेवटी ताटापर्यंत न्यावी लागतात. त्यासाठी तिन्हींपैकी निव्वळ प्रथिन उपयोगिता कामाची आहे, कारण आपण अन्न खातो, शोषलेले नत्र खात नाही. समजा, एका लहान मुलाची गरज पूर्ण उपयोगी प्रथिनाच्या हिशेबात दिवसाला १२ ग्रॅम आहे. त्याच्या आहाराची निव्वळ प्रथिन उपयोगिता ६० आहे व जैविक मूल्य ७० आहे. त्याला प्रत्यक्ष किती प्रथिन द्यावे?

बरोबर उत्तर १२ भागिले ०.६०, म्हणजे २० ग्रॅम. जैविक मूल्याने भागल्यास उत्तर सुमारे १७ ग्रॅम येते. या १७ ग्रॅमांपैकी मुलाच्या उपयोगी पडणारे प्रथिन १७ गुणिले ०.६०, म्हणजे १०.२ ग्रॅम. रोज जवळजवळ दोन ग्रॅमांची तूट राहते, म्हणजे गरजेच्या सुमारे सातव्या हिश्श्याची. उत्तरपत्रिकेत ही दोन गुणांची चूक आहे. अंगणवाडीच्या किंवा वसतिगृहाच्या आहाराचा आराखडा करताना तीच चूक झाली, तर कागदावर पुरेसा दिसणारा आहार वाढत्या मुलाला अपुरा पडतो.

दोन पदार्थांची तुलना करतानाही हेच. एका प्रथिनाचे जैविक मूल्य ८० व पचनीयता ७० टक्के, दुसऱ्याचे जैविक मूल्य ७० व पचनीयता ९५ टक्के. पहिल्याची निव्वळ उपयोगिता ५६, तर दुसऱ्याची ६६.५. जैविक मूल्य कमी असूनही दुसरे अधिक उपयोगी. शिजवणे, भिजवणे, मोड आणणे अशा क्रियांनी कडधान्यांची पचनीयता सुधारते, तेव्हा त्यांच्या अमिनो आम्लांच्या रचनेत मोठा फरक न पडताही निव्वळ उपयोगिता वाढते. उलट दुधासारखा पदार्थ साखरेसह फार तापवला तर लायसिनचा काही भाग साखरेशी जखडला जाऊन निरुपयोगी होतो.

### धान्य व डाळ यांची जोडी

आणखी एक प्रश्न हमखास येतो : दोन मध्यम प्रतीची प्रथिने एकत्र खाल्ल्यास मिश्रणाची गुणवत्ता दोहोंच्या सरासरीपेक्षा जास्त का येते? याचे उत्तर रासायनिक गुणांकाने समजते. यात उंदीर लागत नाही. मर्यादक अमिनो आम्लाचे प्रमाण आदर्श नमुन्यातील प्रमाणाशी ताडून टक्केवारी काढतात. ब्लॉक व मिशेल यांनी १९४६ मध्ये ही रीत मांडली, तेव्हा आदर्श अंड्याच्या प्रथिनाचा होता. आता माणसाच्या गरजेवर आधारलेला नमुना वापरतात.

लायसिनचा आदर्श दर ग्रॅम प्रथिनास ४८ मिलिग्रॅम धरू. गव्हात तो सुमारे २८ व हरभऱ्याच्या डाळीत सुमारे ६७ धरू. नुसत्या गव्हाचा लायसिन गुणांक २८ भागिले ४८, म्हणजे ५८. आता १०० ग्रॅम कणकेत ३० ग्रॅम डाळीचे पीठ मिसळले. कणकेतून १० ग्रॅम व डाळीतून ६ ग्रॅम प्रथिन आले असे धरल्यास लायसिन २८० अधिक ४०२, म्हणजे ६८२ मिलिग्रॅम, आणि एकूण प्रथिन १६ ग्रॅम. दर ग्रॅमला ४२.६ मिलिग्रॅम, म्हणजे गुणांक सुमारे ८९. डाळीत कमी असलेली गंधकयुक्त आम्ले गहू पुरवतो, म्हणून त्या बाजूनेही मिश्रण उणे पडत नाही. वरणभात, खिचडी, मिश्र पिठाचे थालीपीठ यांचा प्रथिनांपुरता हिशेब हाच आहे.

उत्तर लिहिताना येथे एक सापळा टाळावा. दोन पदार्थांच्या जैविक मूल्यांची सरासरी काढून मिश्रणाचे जैविक मूल्य सांगता येत नाही. सरासरी काढावयाची ती अमिनो आम्लांची, तीही प्रत्येकातून आलेल्या प्रथिनाच्या वजनाने, आणि गुणांक काढावयाचा तो त्यानंतर.

## नंतरची मापे

उंदरांच्या वाढीवरून माणसाच्या अन्नाची प्रतवारी करण्याबाबतच्या आक्षेपांमुळे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी १९८९ मध्ये पचनीयतेने दुरुस्त केलेला अमिनो आम्ल गुणांक सुचविला. रासायनिक गुणांकाला पचनीयतेने गुणून तो मिळतो. तो १ च्या वर गेल्यास १ च मानतात. अमेरिकेत १९९३ पासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील प्रथिनाच्या दाव्यांसाठी तो स्वीकारला गेला, मात्र तान्ह्या मुलांच्या अन्नासाठी प्रथिन कार्यक्षमता गुणोत्तर कायम ठेवण्यात आले. अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालात यापुढचे पाऊल सुचविले आहे. त्यात विष्ठेऐवजी लहान आतड्याच्या अखेरीस, प्रत्येक अमिनो आम्लाची पचनीयता स्वतंत्रपणे मोजतात, कारण मोठ्या आतड्यातील जिवाणू उरलेल्या अमिनो आम्लांची उलथापालथ करतात आणि विष्ठेवरून केलेला हिशेब फसवा ठरू शकतो.